एआयएसमधलं व्याज पासबुकाशी जुळत नाही? या चुका टाळा

कोथरूडला आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, वय 63. गेल्या जूनमध्ये त्या पासबुक आणि मोबाईल घेऊन आल्या. मोबाईलवर एआयएस उघडलेलं होतं, म्हणजे आपल्या उत्पन्नाची आणि कापलेल्या कराची आयकर खात्याकडे आलेली माहिती दाखवणारं वार्षिक पत्रक. म्हणाल्या, "अरे, एफडीचं व्याज माझ्या खात्यात आलं 37,800. आणि हे इन्कम टॅक्सवाले दाखवतायत 80,511. तेही दोनदा! सरळ नाकारून टाकू का?"

नाकारू नका, हीच पहिली सूचना. आकडा दोन्हीकडे बरोबर होता.

काकूंच्या एकाच बँकेत दोन एफडी. पहिली 6 लाखांची, 7 टक्क्यांनी, व्याज दर तिमाहीला खात्यात. वर्षाचं व्याज 42,000, पण बँकेने 10 टक्के टीडीएस कापून दर वेळी 10,500 ऐवजी 9,450 जमा केले. चार वेळचे झाले 37,800. पासबुकात दिसते ती ही कापून उरलेली रक्कम. रिटर्नमध्ये मात्र पूर्ण 42,000 दाखवायचे आणि कापलेल्या कराचं श्रेय वेगळं घ्यायचं. निव्वळ रकमेवरून उत्पन्न धरणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक.

दुसरी एफडी 5 लाखांची, क्युम्युलेटिव्ह, तीन वर्षांची, एप्रिल 2023 मध्ये ठेवलेली. हिचं व्याज पासबुकात मुदत संपेपर्यंत दिसतच नाही, पण बँक दरवर्षी ते हिशेबात धरते, त्यावर टीडीएस कापते आणि आयकर खात्याला कळवते. तिमाही चक्रवाढीने पहिल्या वर्षी 35,930 आणि दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2024-25 मध्ये, 38,511. त्यावरचे 3,851 बँकेने गुपचूप बचत खात्यातून कापले होते. काकूंना ते कुठलेसे चार्जेस वाटले होते. आता 42,000 आणि 38,511 मिळवा: 80,511. पासबुक सोडा, बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र मागा. त्यात प्रत्येक एफडीचं दिलेलं आणि साठलेलं व्याज वेगवेगळं लिहिलेलं असतं, एआयएस त्याच्याशीच ताडून बघायचं.

क्युम्युलेटिव्हचं व्याज "मुदत संपल्यावर एकदम दाखवू" म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मग शेवटच्या वर्षी हातात एकूण 1,15,720 व्याज येतं, आणि त्या वर्षीच्या एआयएसमध्ये फक्त शेवटच्या वर्षाचे 41,279 असतात. पहिल्या दोन वर्षांचा टीडीएस मागच्या वर्षांत अडकून पडतो तो वेगळाच. दरवर्षी साठलेलं व्याज दाखवत जाणं सोपं. जी पद्धत धराल ती मात्र मध्येच बदलू नका.

आता "दोनदा"चं. एआयएसमध्ये एक ओळ टीडीएसच्या भागात होती, कलम 194A खाली, आणि दुसरी SFT-016 खाली, म्हणजे बँकांनी कळवलेल्या व्याजाच्या नोंदीत. बँक एकच व्याज दोन वेगवेगळ्या विवरणपत्रांतून कळवते, म्हणून दोन ओळी. त्यांची बेरीज 1,61,022 करून कर भरलेले लोक मी पाहिलेत. टीआयएस या सारांशात बहुतेक वेळा एकच धरलेली असते. तिथेही दोन्ही धरल्या असतील, तर एआयएसमध्ये त्या ओळीपुढच्या `Optional` वर क्लिक करून `Information is duplicate / included in other information` निवडायचं. `Information is denied` हा पर्याय ते खातं तुमचं नाहीच, अशा वेळचा. आकड्यातच फरक असेल तर `Information is not fully correct` निवडून खरी रक्कम भरा, आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण तुमचा अभिप्राय खातरजमेसाठी बँकेकडे जाऊ शकतो.

एप्रिलमध्येच एआयएस उघडून जुळवाजुळव करायला बसू नका. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस आणि वर्षाची एसएफटी माहिती भरायची मुदत 31 मेपर्यंत असते, त्यामुळे जूनच्या मध्याआधी चित्र अर्धंच. पीडीएफ उघडत नाही अशी तक्रारही हमखास येते: पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत.

1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांसाठी बँकेतल्या व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा 50,000 वरून 1 लाख झाली. त्यामुळे काकूंएवढं व्याज असणाऱ्यांच्या पुढच्या एआयएसमध्ये टीडीएसची ओळ नसेल, SFT-016 ची राहील. कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं, असं त्यातून समजू नका.

सगळं जुळल्यावर काकूंनी पिशवीतून आणखी एक पासबुक काढलं, जवळच्या पतसंस्थेचं. व्याज 14,200. एआयएसमध्ये त्याचा मागमूस नव्हता, कारण SFT-016 ची यादी बँका, सहकारी बँका, पोस्ट आणि एनबीएफसींची. पतसंस्था तिच्यात नाहीत. "मग हे सोडूनच देऊ ना?" काकूंनी विचारलं. ते 14,200 आम्ही रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात मिळवले.