एक महिना झाला, आणि दुसऱ्या वाटीचा हिशोब

मानेवाडा रोडवर आमचं सावजी जेवणाचं छोटंसं हॉटेल सुरू होऊन परवा एक महिना झाला. सात टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या. या महिन्यात जे जेवायला आले, रांगेत उभे राहिले, आणि जे चूक झाल्यावरही परत आले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. पण आमच्या हाताखालून काय निसटलं तेही लिहिते, म्हणजे हॉटेल टाकायच्या तयारीत असलेल्या कुणाच्या तरी कामी येईल. लायसन, भाडं, गॅसचा निळा सिलिंडर हे तुम्ही पाहून घ्यालच. मला पकडलं ते रश्श्यानं.

त्याआधी सहा वर्षं मी घरून डबे द्यायची, रोजचे चाळीस. डब्यात रस्सा मोजून जातो. एक डबी भरली, झाकण लावलं, विषय संपला. कुणी दुसऱ्यांदा मागत नाही, कारण समोर मागायला कुणी नसतंच. त्यामुळे रश्श्याचा हिशोब मी कायम मटणाच्या किलोवर केला. इतकं मटण, म्हणून इतका कांदा, इतकं खोबरं, इतकं पाणी. घरात आपण सगळ्याच बाया असंच करतो.

पहिल्या रविवारी दहा किलो मटण आणलं. ताटाला दीडशे ग्रॅम कच्चं धरलं की साधारण सहासष्ट ताटं होतात. वाटी दोनशे मिलीची, म्हणून तेरा लिटर रस्सा केला. कागदावर सगळं बरोबर होतं. दुपारी दीड वाजता सदतिसावं ताट गेलं आणि पातेल्यात डाव टेकला. मटणाचे तुकडे पडून होते, बाहेर लोक उभे होते, आणि रस्सा संपला होता.

नागपूरचा माणूस सावजीला बसला की दुसरी वाटी मागणारच, हे मला जेवणारी म्हणून लहानपणापासून ठाऊक. वाढणारी म्हणून ते डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी सरासरी पावणेदोन वाट्या गेल्या. घाबरून मी चार लिटर गरम पाणी ओतलं, वरून तिखट, मीठ आणि मसाल्याची पूड टाकली, उकळी आणली आणि वाढायला पाठवलं.

हे करू नका. कितीही गर्दी असली तरी करू नका.

तर्री म्हणजे वरून ओतलेलं तेल नव्हे. भाजलेला कांदा, खोबरं, खसखस आणि मसाला यांचं वाटण तेलात मंद आचेवर परतत राहिलं की त्यातून तेल सुटतं. मिरचीचा रंग आणि मसाल्याचा बराचसा वास त्या तेलात उतरलेला असतो. नंतर घातलेल्या पाण्यात ते उतरत नाही, पाणी फक्त सगळं पातळ करतं. आणि शेवटी टाकलेलं तिखट तेलात परतलेलं नसल्यानं कच्चं लागतं, घशाला नुसतं झोंबतं. ओळखायची खूण सोपी आहे. चमचाभर रस्सा स्टीलच्या ताटलीत टाका आणि थोडं थांबा. कडेनं पाणी सुटून वेगळं वाहू लागलं, तर तो रस्सा टेबलावर न्यायचा नाही.

तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर एक काका बसले होते. बिल देताना हळूच म्हणाले, "राग नको मानू ताई, पहिल्या वाटीत जे होतं ते दुसऱ्या वाटीत नव्हतं." चारचौघांत बोलले नाहीत, पैसे कमी दिले नाहीत. आभारात पहिलं नाव त्यांचं लिहायला हवं होतं, पण ते मी विचारलंच नाही.

रात्री घरी रडले. तुमच्याही वाट्याला अशी रात्र येईल. तेवढ्यावरून हॉटेल बंद पडत नाही.

उपाय दोघांनी दिला. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी आधी भोजनालयात अनेक वर्षं काढली आहेत. त्या म्हणाल्या, "वाटण राखून ठेव बाई, पाणी नको राखू." आता रविवारसाठी शनिवारी संध्याकाळी एक किलो वाटण तेल सुटेपर्यंत परततो, पसरट ताटात लवकर थंड करून फ्रिजमध्ये टाकतो आणि दोन दिवसांच्या आत संपवतो. हाडांचं अळणी मात्र त्याच दिवशी सकाळी चढतं, हळद-आलं-लसूण घालून, मीठ न टाकता. रस्सा कमी पडतोय असं दिसलं की पाव किलो वाटण थोड्या तेलात पुन्हा परतायचं, त्यात एक लिटर कढत अळणी घालायचं आणि दहा मिनिटं उकळू द्यायचं. मीठ शेवटी, चाखून. पातेलं अर्ध्यावर आलं की सुरुवात करायची. तळ दिसल्यावर दहा मिनिटं हातात राहत नाहीत.

दुसरा उपाय भांडी घासणाऱ्या पोराचा. वय एकोणीस, चार वाक्यांवर बोलत नाही. दुसऱ्या रविवारी त्यानं परत आलेल्या वाट्यांतला रस्सा बादलीत वेगळा जमवला आणि मला दाखवला. जवळजवळ तीन लिटर! लोक दुसरी वाटी मागत होते, पण संपवत नव्हते, कारण आम्ही ती न विचारता काठोकाठ भरत होतो. वाटीला मला साधारण पंधरा रुपये पडतात, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास रुपये मोरीत चालले होते. त्यापेक्षा वाईट हे, की बाहेर उभ्या माणसाचा रस्सा मोरीत चालला होता.

आता वाटी दीडशे मिलीची आहे. दुसऱ्यांदा वाढताना मुलं विचारतात, "अर्धी की पूर्ण?" हवी तर तिसरीही मिळते. जास्तीच्या रश्श्याचे पैसे लावा असं मला दोन-तीन अनुभवी लोकांनी सांगितलं. मी लावणार नाही, आणि नागपुरात तुम्हीही लावू नका. ताटाची किंमत ठरवतानाच पावणेदोन वाट्या धरा. मी एकच धरली होती, ती माझी चूक. ती गिऱ्हाइकाच्या बिलात का घालायची?

आता तेवढ्याच दहा किलो मटणाला अठरा लिटर रस्सा होतो, वर चार लिटरची सोय राखलेली. मटण तेवढंच, पण कांदा, खोबरं आणि मसाला रश्श्याच्या लिटरवर मोजतो. हा एक बदल वहीत उतरवून घ्या. आणि तयार सावजी मसाल्याच्या पाकिटावर हॉटेल चालतं असं सांगणाऱ्याकडून काही शिकायला जाऊ नका. मसाला भाजताना मावशी ज्या वासाला गॅस बंद करतात, तो वास त्यांच्या शेजारी उभं राहूनच कळतो. मला अजून दर वेळी कळत नाही.

वाढणाऱ्या तिन्ही मुलांनी या महिन्यात एकही रविवार सुट्टी मागितली नाही. म्हणून आता सोमवारी हॉटेल बंद राहील. तसंही सोमवारी आमच्याकडे मटण कमीच उठतं. त्या दिवशी येऊन परत जावं लागलं तर माफ करा.

ते काका गेल्या रविवारी आले होते, सोबत सून आणि नातू. मी स्वतः वाढायला गेले. दुसरी वाटी घेताना त्यांनी आधी चमचाभर रस्सा ताटाच्या कडेला टाकला, पाहिला, मग भाकरी मोडली.

"पूर्ण भर," म्हणाले.