डॉलर खात्यात ठेवायचे की लगेच रुपये करायचे? या चुका टाळा

कोल्हापुरात बसून अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या कंपनीचं काम करणारे आता राजारामपुरीत, ताराबाई पार्कात गल्लोगल्ली सापडतात. पैसे डॉलरमध्ये येतात, खर्च रुपयांत होतो आणि मधल्या बदलात दर महिन्याला काही ना काही गळतं. मग कुणीतरी सांगतं, “ईईएफसी खातं काढ, डॉलर तसेच ठेव, रेट वाढला की वीक.” ईईएफसी म्हणजे परकीय चलनातली कमाई त्याच चलनात ठेवायचं बँक खातं. सल्ला अर्धा बरोबर आहे. नुकसान होतं ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

आधी उदाहरण ठरवून घेऊ. एक जण अमेरिकन कंपनीसाठी सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून काम करतो. दर महिन्याला २,५०० डॉलर येतात, शिवाय जर्मनीतल्या एका ग्राहकाकडून ८०० युरो. क्लाउड आणि सॉफ्टवेअरच्या वर्गणीपोटी महिन्याला ३०० डॉलर बाहेर जातात. हिशेबाच्या सोयीसाठी बाजारातला दर डॉलरला ९० रुपये धरू. (पगार भारतातल्या मध्यस्थ कंपनीकडून रुपयांत होत असेल तर हा सगळा प्रश्नच येत नाही. तो नुसता पगार.)

चूक: ईईएफसी म्हणजे डॉलरची बचत

भारतात राहणाऱ्याला परकीय चलनातली कमाई शंभर टक्के ईईएफसी खात्यात जमा करता येते. पण ते चालू खातं आहे, त्यावर व्याज शून्य. एका कॅलेंडर महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. मान्य कामासाठी वापरलेले किंवा पुढच्या देण्यासाठी आधीच बांधलेले डॉलर तेवढे त्यातून वगळले जातात.

म्हणजे १ जूनला आलेले डॉलर ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस राहू शकतात. ३० जूनला आलेल्यांना मात्र ३२ दिवसच मिळतात. मुदत दोघांची एकच असते, म्हणून बिल महिन्याच्या सुरुवातीला वसूल होईल असं लावून घेतलं की खेळायला जागा मिळते.

आता त्या ६१ दिवसांची किंमत काढू. २,५०० डॉलरचे सव्वादोन लाख रुपये होतात. ते लगेच बदलून सहा टक्के व्याजाने ठेवले असते तर ६१ दिवसांत सुमारे २,२५० रुपये मिळाले असते. तेवढं भरून निघायचं तर डॉलर दोन महिन्यांत ९० पैशांनी वर जायला हवा. जाईलही कदाचित. पण ते तुमच्या हातात नाही आणि खाली आला तर मुदतीच्या दिवशी त्याच दराने विकावं लागतं. रेट वाढेल या भरवशावर ईईएफसी वापरणं आम्हाला पटत नाही.

मुदत विसरली की आणखी एक गोष्ट घडते. बऱ्याच बँका शेवटच्या दिवशी शिल्लक आपोआप रुपयांत बदलतात आणि तीही कार्ड रेटने. कार्ड रेट म्हणजे बँकेने त्या दिवसापुरता छापलेला, छोट्या रकमांसाठीचा दर, ग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. म्हणून विक्रीची लेखी सूचना मुदतीच्या दोन-तीन कामाचे दिवस आधी शाखेत पोहोचलेली बरी. महिनाअखेर शनिवार-रविवारी येत असेल तर आणखी आधी.

मग खातं उघडायचं कशाला?

दोन कारणांसाठी. पहिलं, भाव करण्यासाठी. बाजारात ९० असताना कार्ड रेट दीड टक्का खाली, म्हणजे ८८.६५ पडला असं धरा. बँकेच्या फॉरेक्स डेस्ककडून ‘डील रेट’, म्हणजे त्या सौद्यापुरता बोलून ठरवलेला दर घेतला आणि तफावत अर्ध्या टक्क्यावर आली, तर २,५०० डॉलरमागे २,२५० रुपये वाचतात. हे दर महिन्याला वाचतात आणि डॉलर वर जावो की खाली, त्याने काही फरक पडत नाही. अडचण एकच. छोट्या रकमेला डेस्क दाद देत नाही. इथे ईईएफसी कामाला येतं. जूनच्या पाच तारखेचे आणि जुलैच्या पाच तारखेचे मिळून ५,००० डॉलर होतात आणि ३१ जुलैच्या आत ते एकाच सौद्यात विकता येतात. किती रकमेपासून डील रेट देणार, हे खातं उघडण्याआधीच विचारा. नाही म्हणाले तर खातं त्या बँकेत उघडूच नका.

एकत्र विकल्याने जीएसटीही वाचतो असं काही जण सांगतात. वाचतो, पण किती? चलन बदलताना सगळ्या रकमेवर जीएसटी लागत नाही, नियमाने ठरलेल्या मूल्यावर १८ टक्के लागतो. एक लाखापर्यंत ते मूल्य एक टक्का (किमान २५० रुपये), त्यापुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. सव्वादोन लाखांचे दोन सौदे केले तर २९२ रुपये ५० पैशांप्रमाणे ५८५ रुपये, साडेचार लाखांचा एक केला तर ४९५. नव्वद रुपयांसाठी डॉलर अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण म्हणजे डॉलरमधला खर्च. सगळे डॉलर ८८.६५ ने विकले आणि वर्गणीचे ३०० डॉलर क्रेडिट कार्डाने भरले, तर कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी धरून ते ३०० डॉलर सुमारे २८,११५ रुपयांना पडतात. तुम्ही विकले होते २६,५९५ ला. महिन्याला १,५२० रुपयांचा हा खड्डा आपले डॉलर विकून पुन्हा विकत घेण्यामुळे पडतो.

यावर “मग ३०० डॉलर ईईएफसीत ठेवा” हा सल्ला कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात या खात्याला बहुतेक ठिकाणी साधं डेबिट कार्ड मिळत नाही. पैसे बाहेर पाठवायचे तर बिल, परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, लागू असेल तिथे करासाठीचा फॉर्म आणि दर वेळचं शुल्क. बँकेचं शुल्क आणि वाटेतल्या बँकेची कपात मिळून वाचलेले पंधराशे तिथेच जिरू शकतात. त्यामुळे दर महिन्याला ३०० पाठवण्यापेक्षा वर्षाचं ३,६०० डॉलरचं एकच बिल मागवावं, दोन महिन्यांची कमाई जमल्यावर त्यातून एकदाच भरावं. तेव्हा वर्षाला अठरा हजारांच्या आसपास वाचतात, वजा एकदाचं शुल्क. विक्रेता कार्डाखेरीज पैसे घेत नसेल तर मात्र हा मार्ग बंद. अशा वेळी कमी मार्कअपचं कार्ड शोधणं सोपं.

चूक: एकाच खात्याचा नंबर सगळ्या ग्राहकांना देणं

ईईएफसी खातं प्रत्येक चलनाचं वेगळं असतं. जर्मन ग्राहकाला डॉलरच्या खात्याचा नंबर दिला की त्याचे ८०० युरो वाटेत डॉलर होतात, मग इथे डॉलरचे रुपये. दोन बदल म्हणजे दोनदा तफावत. ओळखायचं कसं? बँकेच्या आवक सूचनापत्रावर चलन आणि रक्कम पाहा. बिल ८०० युरोचं आणि सूचनापत्रावर डॉलर असतील, तर चूक नंबरात आहे. चलन युरोच आहे पण रक्कम पंधरा-वीसने कमी आहे, तर ती मधल्या बँकेची कपात. त्यासाठी बँकांमधल्या स्विफ्ट संदेशातला खर्च कोणाचा हे सांगणारा रकाना पाहायचा, जुन्या संदेशांत तो `71A` असायचा. `SHA` किंवा `SHAR` असेल तर वाटेतला खर्च तुमच्या रकमेतून जातो, `OUR` किंवा `DEBT` असेल तर पाठवणाऱ्याच्या माथी. ग्राहकाशी बोलून हे बिलावरच लिहून टाकावं.

याहून महाग पडणारी चूक म्हणजे लाभार्थीच्या रकान्यात रुपयांच्या बचत खात्याचा नंबर जाणं. बँक लगेच कार्ड रेटने बदलून रुपये जमा करते. मागाहून अर्ज करून उपयोग होत नाही, कारण एकदा रुपये झालेली रक्कम पुन्हा परकीय चलनात बदलून ईईएफसीत भरता येत नाही. नवीन ग्राहकाला आधी छोटं बिल पाठवा आणि ते नीट आल्यावर मोठं.

पैसे कशाचे आले हे सांगणारा पर्पज कोडही त्याच वेळी तपासा. सॉफ्टवेअर सल्ल्याचे पैसे `P0802` खाली यायला हवेत. शाखेतून घाईत `P1301`, म्हणजे कुटुंबाच्या निर्वाहासाठी नातेवाइकाने पाठवलेले पैसे असं लागलं, तर ती तुमची निर्यातीची कमाई आहे हे जीएसटीसाठी दाखवताना पंचाईत होते. दुरुस्ती लेखी अर्ज आणि बिलाची प्रत देऊन लगेच मागायची.

शाखा निवडताना घराजवळची पाहू नका. ईईएफसी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेतच निघतं, आपल्या गल्लीतल्या सगळ्या सहकारी बँकांत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची निर्यातीची कामं बघणाऱ्या शाखेत हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

चूक: परदेशी वॉलेटमध्ये डॉलर साठवणं

ईईएफसीची मुदत चुकवण्यासाठी परदेशी ॲपमध्ये शिल्लक ठेवण्याची शक्कल बरेच जण लढवतात. निवासी माणसाने कमाई ठरलेल्या मुदतीत भारतात आणायची असते, हा फेमा या परकीय चलन कायद्याचा नियम त्यालाही लागू आहे. शिवाय आयकराच्या दृष्टीने निवासी आणि सामान्यतः निवासी असाल तर परदेशातलं खातं विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं आणि तिथे आर्थिक वर्ष नाही, जानेवारी ते डिसेंबर धरतात. भारतातून वापरता येणाऱ्या काही सेवा फक्त परदेशी खाते क्रमांक देतात आणि पैसे आले की रुपये करून पाठवतात. तिथे ‘ठेवायचं की बदलायचं’ हा निर्णय तुमच्याकडे नसतोच. तिथे फक्त दर आणि शुल्क मिळून हातात प्रत्यक्ष किती रुपये आले ते पाहा.

आखातातून किंवा युरोपातून परतणाऱ्यांसाठी

तुमचे नियम वेगळे आहेत आणि बरेच सैल. तिकडे असतानाची एक गोष्ट आधी. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे दुबईत राहून थोडे दिरहम, थोडे डॉलर ठेवल्याने जोखीम विभागली जात नाही. दिरहम खर्चापुरते ठेवा, वेगळं चलन हवं असेल तर ते युरो किंवा पौंड.

कायमचं परतल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे एनआरई खातं, म्हणजे अनिवासी असतानाचं रुपयांचं खातं, तसंच चालू ठेवणं. बँकेला कळवून ते निवासी खात्यात किंवा परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात बदलायचं असतं. अनिवासी असताना परकीय चलनात केलेली एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजाने चालू राहते, ती घाईने मोडू नका. मुदत संपली की रक्कम आरएफसीत घ्या. या खात्याला ईईएफसीसारखी महिनाअखेरची सक्ती नाही, त्यात मुदत ठेवही करता येते. सगळे डॉलर परतल्याच्या पहिल्याच महिन्यात एका फटक्यात रुपये केले, तर ही मुभा त्या रकमेपुरती संपते. घरासाठी किंवा गाडीसाठी लागतील तेवढेच विका, आणि त्यालाही डील रेट मागा.