लिफ्ट मारलीस, आता कुठं जाशील?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलवर मी सकाळी बॅडमिंटन खेळायला जाऊ लागलो, त्याला आता सहा वर्षं होतील. कॉलेजात सिंगल्स खेळलेलो, त्यामुळं हात बरा होता आणि स्वतःबद्दलचा समज त्याहून बरा. इथं कोर्ट दोन, माणसं पंधरा-सोळा. सिंगल्सचं नाव काढलं तरी लोक हसायचे. सगळे डबल्स खेळत, आणि पहिले दोन महिने माझ्याबरोबर जोडीला कुणी खुशीनं येत नसे. फटके चुकत नव्हते माझे. फटका मारल्यावर मी जिथं उभा राहायचो, ती जागा चुकत होती.

डबल्समध्ये दोघांनी उभं राहायच्या रीती दोनच. एक पुढं आणि एक मागं, किंवा दोघं शेजारी शेजारी. हे कुणीही पहिल्या दिवशी सांगतं. आपण शटल खाली मारत असलो तर पुढं-मागं, वर उचललं तर शेजारी, हेही सांगतं. मलाही सांगितलं होतं. पण ‘का’ ते कळलं नाही, तोवर पाय हलले नाहीत.

कारण तसं सरळ आहे. डबल्सचं कोर्ट 6.10 मीटर रुंद असतं, सिंगल्सपेक्षा 92 सेंटिमीटर जास्त. आपण शटल उंच उचलून दिलं, म्हणजे लिफ्ट मारली, की समोरचा स्मॅश मारणार. जोरात खाली येणारं शटल आपल्या मागच्या रेषेपर्यंत जात नाही, ते कोर्टाच्या मधल्या पट्ट्यातच पोचतं. म्हणजे त्या क्षणी मागचा भाग राखण्यात अर्थ नसतो, रुंदी राखायची असते. म्हणून दोघं शेजारी, प्रत्येकाकडं साधारण तीन मीटर. उलट आपण स्मॅश मारत असलो तर समोरच्याची उत्तरं मुख्यतः दोन प्रकारची येतात. एक, जाळीजवळ अलगद सोडलेलं, आणि दुसरं, पुन्हा मागं उंच उचललेलं. पहिलं पुढच्यानं कापायचं, दुसरं मागच्यानं पुन्हा ठोकायचं. म्हणून पुढं-मागं.

दोन्ही रीतींत उभं राहणं सोपं. माणूस मरतो तो एकातून दुसरीत जाताना. त्यातही एक क्षण असा, की नवीन जोडीचे निम्मे गुण तिथंच जातात असं माझं मत आहे. पुढच्या खेळाडूला नाइलाजानं शटल उचलावं लागतं, तो क्षण.

आमचा तो गुण मला अजून आठवतो. माझे पार्टनर होते अण्णा, वयानं वडिलांएवढे, गुडघ्याला पट्टा. आमचे 14 गुण झालेले, सम आकडा, म्हणून मी उजव्या चौकोनातून सर्व्हिस केली. जाळीलगत, आखूड. अण्णा माझ्यामागं मधोमध. म्हणजे सुरुवातच पुढं-मागं. समोरच्यानं माझ्या डावीकडं जाळीजवळ ड्रिबल टाकली. मी पोचलो, पण उशिरा. शटल जाळीच्या पट्टीखाली गेलेलं, तिथून खाली मारणं अशक्य. मी बॅकहँडनं सरळ समोर उंच उचललं. आणि मग, सर्व्हिस उजवीकडून केली म्हणजे आपण उजवीकडचे, असं कुठंतरी डोक्यात असल्यानं, तिरका पळत उजवीकडं गेलो. अण्णांनी मला डावीकडं शटल उचलताना पाहिलं होतं, म्हणून तेही उजवीकडं सरकले. दोघं उजवीकडं, रॅकेट एकमेकांना लागायच्या बेतात, आणि डावीकडं रेषेलगत स्मॅश येऊन शांतपणे पडला.

खेळ संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर अण्णांनी भडंगाच्या कागदावरचे चार शेंगदाणे बाजूला काढले. कागदाची घडी म्हणजे जाळी. दोन शेंगदाणे आमचे.

“हा तू, हा मी. तुला मी दिसतो का?”

“नाही. तुम्ही मागं असता.”

“आणि मला तू दिसतोस. मग कुणी कुणाचं बघून हलायचं?”

एवढंच होतं ते. पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून पुढच्यानं अंदाज बांधायचाच नाही. ज्या बाजूला शटल उचललं त्याच बाजूला, सर्वांत जवळच्या वाटेनं मागं यायचं. उरलेली बाजू मागच्यानं घ्यायची, कारण सगळं त्याच्या डोळ्यांपुढं घडतं. सर्व्हिस कुठून केली होती याचा आता काही संबंध नाही. सम-विषमचा हिशोब फक्त सर्व्हिस आणि ती घेण्यापुरता. एकदा शटल परत आलं की कुणी कुठंही उभं राहावं.

मी लगेच दुसरी चूक सुरू केली. मागं येताना वळून अण्णा कुठं आहेत ते बघायचो. तेवढ्यात समोरचा मारून मोकळा. अण्णा ओरडायचे, “मागं बघू नकोस लेका, मी काय पळून चाललोय?” तोंड जाळीकडं, रॅकेट छातीच्या उंचीवर आणि उलट्या पावलांनी मागं, असंच यायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत उशिरा कळली, म्हणून इथं जरा थांबतो. मागं येत असताना समोरच्यानं स्मॅशसाठी हात उचलला, की आपण असू तिथं थांबायचं. ठरलेल्या जागेपासून मीटरभर पुढं असलो तरी चालेल. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे थोडे वाकलेले. जागेवर पोचण्याच्या नादात मागं सरकत असताना स्मॅश आला, तर वजन टाचांवर असतं आणि साध्या वेगाचं शटलही हातातून निसटतं. आपण पोचत नाही आहोत असं वारंवार होत असेल, तर पाय दोषी नसतात, लिफ्ट बुटकी असते. शटल उंच आणि मागच्या रेषेजवळ गेलं, तर दोन-तीन पावलं मागं यायला वेळ मिळतोच.

याच हिशोबानं लिफ्ट कुठं द्यायची तेही ठरतं. मी त्या दिवशी सरळ उचललं होतं. सरळ उचलून सरळ मागं आलो असतो, तरी स्मॅश मारणाऱ्याच्या बरोबर समोर मीच असतो, तोही अजून स्थिर न झालेला. तीच लिफ्ट तिरकी दिली असती, तर मारणाऱ्याच्या समोर आधीच मागं असलेले अण्णा आले असते, आणि मी तिरक्या बाजूला. तिथं शटलला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून मला क्षणभर जास्त मिळतो. मात्र तिरकी लिफ्ट उंचच हवी. सपाट गेली तर समोरच्यांचा पुढचा खेळाडू ती मध्येच गाठतो, आणि मग मागं यायचा प्रश्नच उरत नाही.

आता उलटा प्रवास, शेजारी-शेजारीतून पुन्हा पुढं-मागं. स्मॅश आला, मी रॅकेट नुसती धरून तो जाळीजवळ ब्लॉक केला. इथं नवीन माणूस आपल्या फटक्याचं कौतुक बघत उभा राहतो. ब्लॉक करणाऱ्यानं त्याच रेषेत पुढं जायचं असतं, आणि दुसऱ्यानं आपली बाजू सोडून मधोमध मागं. समोरचा आता जाळीजवळ वाकून शटल उचलणार, आणि ते ठोकायला मागचा तयार पाहिजे.

पण प्रत्येक ब्लॉकनंतर पुढं धावायचं नाही. आपलं शटल जाळी ओलांडून लगेच खाली वळलं, तर जा. जाळीच्या वर तरंगत राहिलं, तर समोरचा ते वरूनच ठोकणार. अशा वेळी पुढं गेलात तर शटल तोंडावर येतं. माझ्या चष्म्याची एक काडी अशीच गेली.

पुढं गेल्यावर जाळीला चिकटायचं नाही, हेही सांगून ठेवतो. आखूड सर्व्हिसची रेषा जाळीपासून 1.98 मीटरवर असते. तिच्या थोडं मागं, मधल्या रेषेवर, रॅकेट वर करून. त्याहून पुढं गेलात तर डोक्यावरून गेलेलं प्रत्येक सपाट शटल मागच्याच्या गळ्यात पडतं.

हल्ला चालू असतानाही जागा बदलतात. मागच्यानं जाळीजवळ अलगद ड्रॉप टाकली आणि तिच्यामागं स्वतःच पुढं आला, तर पुढच्यानं मागं सरकायचं. आम्ही हे वर्षभर केलंच नाही. अण्णांचा गुडघा बघता ते मागं आणि मी पुढं, असंच ठरलेलं. काही जोड्या मुद्दामच एकाला मागं ठेवतात. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीचा सामना बघा, सात्विक मागून ठोकत असेल तेव्हा चिराग बहुतेकदा पुढं असतो. बघताना एक करा. मारणाऱ्याकडं बघूच नका, ज्याच्याकडं शटल नाही त्याच्या पायांकडं बघा. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, मग दुसरं काही दिसत नाही.

सरावाला आम्ही शटल घेतच नव्हतो. दोघं कोर्टात, तिसरा बाहेर बसून ‘वर’ किंवा ‘खाली’ म्हणणार आणि हातानं कोपरा दाखवणार. ‘वर’ म्हटलं की शेजारी, ‘खाली’ म्हटलं की पुढं-मागं. दहा मिनिटांत घाम निथळतो. चूक शोधायला मात्र मोबाइल बरा. मागच्या खिडकीत ठेवून एक गेम रेकॉर्ड करायचा, आणि समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी चित्र थांबवायचं. दोघं एकाच बाजूला दिसले तर मागच्यानं पुढच्याकडं बघितलं नाही, किंवा पुढचा माझ्यासारखा तिरका पळाला. पाय हवेत दिसले तर थांबणं चुकलं. आपण उचललेलं असताना एक जण अजून जाळीजवळ दिसला, तर काय चुकलं ते वेगळं सांगायला नको.

राहिला मधला स्मॅश, दोघांच्या बरोबर मध्ये येणारा. दोघंही उजव्या हाताचे असले तर मध्य डावीकडच्याच्या फोरहँडला येतो, म्हणून ‘मधलं डावीकडच्याचं’ असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मागच्या पावसाळ्यात मिरजेहून एक डावखुरा मुलगा येऊ लागला आणि माझी त्याच्याशी जोडी लागली. तो डावीकडं असला की मध्य दोघांच्याही बॅकहँडला, आणि फिरून बाजू बदलली की दोघांच्याही फोरहँडला. पहिल्या गेममध्ये आधी दोघंही सोडायचो, मग दोघंही मारायचो. रॅकेटवर रॅकेट आपटल्यावर बाकावर बसलेले अण्णा म्हणाले, “हाताचं सोडा. मारणाऱ्याच्या समोर जो आहे त्यानं रेषा राखायची, मधलं तिरक्याचं.”

दुसऱ्या गेमला आम्ही तसं खेळलो. तरी 21-17 हरलोच, पण रॅकेट पुन्हा लागल्या नाहीत.