दुभाष्यासाठी भाषण कसं लिहावं

गावात परदेशी पाहुणे पाणलोटाचं काम बघायला येतात, तेव्हा सरपंचांच्या मराठीचं इंग्रजी करायला शेजारी दुभाषी उभा असतो. सरपंच थोडं बोलून थांबतात, मग तो बोलतो. वेळ दुप्पट लागतो. 20 मिनिटं मिळाली असतील तर 10 मिनिटांचंच लिहा.

‘हळू बोला’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा काही उपयोग नाही. लांब वाक्य हळू बोललं तरी लांबच राहतं. हे वाक्य बघा: ‘2012 साली पाऊस कमी झाल्यामुळे जानेवारीतच तळ गाठलेल्या ज्या विहिरी होत्या, त्यांना बंधारे बांधून गाळ काढल्यावर आता मे महिन्यात पाणी नसतं असं होत नाही.’ मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो. विहिरींना पाणी आहे की नाही, हे दुभाष्याला अगदी शेवटी कळतं. तोवर साल आणि महिने त्याने डोक्यात धरून ठेवायचे!

तेच असं लिहा: ‘2012 साली आमच्याकडे पाऊस कमी झाला. जानेवारीतच विहिरींनी तळ गाठला. // मग आम्ही गावकऱ्यांनी ओढ्यावर बंधारे बांधले. तलावातला गाळही काढला. // आता आमच्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं.’

त्या दोन तिरप्या रेघा म्हणजे थांबायच्या जागा. मला सगळ्यात जास्त वेळ याच ठरवायला लागायचा. दर वाक्याला थांबलात तर बोलणं तुटतं, आणि पुढचं वाक्य कशाला जोडायचं हे दुभाष्याला कळत नाही. पाच-सहा वाक्यं सलग बोललात तर मधलं एखादं गळतं. दोन-तीन छोटी वाक्यं, एक पूर्ण मुद्दा, मग थांबा. ‘पण’ने मुद्दा उलटणार असेल तर त्याच्या आधी मुळीच थांबू नका. ‘योजना चांगली होती’ एवढं ऐकून पाहुणे टाळ्या वाजवतात आणि ‘पण पैसे आले नाहीत’ मागाहून येतं.

थांबल्यानंतरच्या पहिल्या वाक्यात कर्ता नावाने घ्या. मराठीत ‘मग बांधले’ चालून जातं. इंग्रजीत कोणी बांधले हे बहुतेक वेळा सांगावं लागतं. ग्रामसभेने, ठेकेदाराने की श्रमदानातून? तुम्ही सांगितलं नाहीत तर दुभाषी अंदाज करणार.

म्हणी आणि शाब्दिक कोट्या काढून टाका. लोकांची, ओढ्यांची नावं आणि सगळे आकडे एका कागदावर लिहून आदल्या दिवशी दुभाष्याला द्या. 1 कोटी 20 लाखांपुढे 12 दशलक्षही लिहा. तिथल्या तिथे हिशेब करताना शून्य हमखास चुकतं.

उभं राहिल्यावर पाहुण्यांकडे बघून बोला. रेघेपाशी आवाज खाली आणून थांबा. दुभाष्याने पुन्हा विचारलंच तर तेवढा आकडा किंवा नाव सांगा. अख्खा मुद्दा नव्या शब्दांत परत मांडू नका.