या चुका टाळा: वीसपैकी चौदा ट्रेड लागले म्हणून लॉट वाढवू नका

दारव्हा असो, मूर्तिजापूर असो की हिंगणघाट, ऑप्शनमध्ये नव्याने उतरलेल्या पोट्ट्याचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, वीसपैकी चौदा लागले. सत्तर टक्के ॲक्युरसी हाय. आता लॉट वाढवतो." या एका वाक्यात निदान तीन चुका आहेत, आणि त्या इतक्या वेळा ऐकून झाल्या आहेत की एकदा सगळा हिशेब मांडून टाकलेला बरा.

पहिली चूक म्हणजे १४ भागिले २० हे उत्तर खरं मानणं. सोयाबीनची उगवण तपासताना आपल्याकडे ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवतात. पंचवीस-तीस हजारांच्या बियाण्याचा निर्णय वीस दाण्यांवर कोणी घेत नाही, पण तोच माणूस वीस ट्रेडवर घरचे दोन लाख लावायला निघतो. वीस ट्रेडमधून दिसलेला ७० टक्के विन रेट हा अंदाज आहे, आणि त्या अंदाजाभोवती केवढा पट्टा आहे ते काढल्याशिवाय त्याला किंमत नाही. हा पट्टा म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल.

तो काढायला १९२७ सालचं विल्सनचं सूत्र वापरा. मोबाइलवरच्या शीटमध्ये B1 ला जिंकलेले ट्रेड, B2 ला एकूण ट्रेड लिहा आणि पुढच्या दोन ओळी दोन चौकटींत टाका. पहिली खालचं टोक देते, दुसरी वरचं.

```
=(B1+1.92-1.96*SQRT(B1*(B2-B1)/B2+0.96))/(B2+3.84)
=(B1+1.92+1.96*SQRT(B1*(B2-B1)/B2+0.96))/(B2+3.84)
```

१४ आणि २० टाकल्यावर उत्तर येतं ०.४८ आणि ०.८५. म्हणजे तुमचा खरा विन रेट ४८ टक्के असला तरी २० पैकी १४ लागणं फार नवलाचं नाही, आणि ८५ टक्के असला तरी नाही. नाणं उडवून खेळणारा आणि खरोखर उत्तम ट्रेडर, दोघंही या पट्ट्यात बसतात. वीस ट्रेडनी याहून जास्त काही सांगितलेलं नाही.

कॉलेजात शिकवलेलं सोपं सूत्र, म्हणजे टक्केवारीच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर घेणारं, इथे वापरू नका. आठपैकी आठ लागले तर ते सूत्र पट्टा १०० ते १०० टक्के दाखवतं, जणू तोटा होणं शक्यच नाही. विल्सन त्याच आठ ट्रेडचं खालचं टोक ६८ टक्के सांगतो. पाचपैकी पाच असतील तर ५७.

दुसरी चूक जास्त महागाची आहे. विन रेटची तुलना पन्नास टक्क्यांशी केली जाते. पन्नासशी तिचा काही संबंध नाही, तुलना तुमच्या स्वतःच्या ब्रेकइव्हनशी, म्हणजे ना नफा ना तोटा होणाऱ्या विन रेटशी करायची. नवशिक्याचा ट्रेड बहुधा असा असतो: नफा दिसला की हात थरथरतो आणि सौदा लवकर कापला जातो, तोटा दिसला की "येईल परत" म्हणून थांबलं जातं. समजा त्याचा सरासरी नफा ९०० रुपये, सरासरी तोटा १,५०० रुपये, आणि ब्रोकरेज, एसटीटी, इतर आकार मिळून एका ट्रेडचा खर्च ६० रुपये. ब्रेकइव्हन काढायला तोटा आणि खर्च यांची बेरीज घ्या आणि तिला नफा व तोट्याच्या बेरजेने भागा. १,५६० भागिले २,४०० म्हणजे ६५ टक्के. शंभरातले ६५ ट्रेड लागले तर हा माणूस फक्त जागच्या जागी राहतो.

आता पट्टा पुन्हा बघा. ७० टक्के विन रेटला दर ट्रेडमागे १२० रुपये सुटतात, तेच त्याच्या वहीत दिसताहेत. खरा दर ४८ निघाला तर दर ट्रेडला ४०० रुपयांच्या वर खड्डा पडतो. ८५ निघाला तर ४८० रुपये मिळतात. ६५ ची रेघ पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध आहे, त्यामुळे एज, म्हणजे टिकून फायदा देणारी धार, आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. लॉट वाढवायचा आधार यात कुठेच नाही.

मग किती ट्रेड लागतात? अंदाजासाठी एक सोपा हिशेब पुरतो. ब्रेकइव्हनला त्याच्या उरलेल्या भागाने गुणा, त्याला चारने गुणा, आणि दिसलेला विन रेट व ब्रेकइव्हन यांच्यातल्या फरकाच्या वर्गाने भागा. इथे ०.६५ गुणिले ०.३५ गुणिले ४ म्हणजे ०.९१. फरक ०.०५, त्याचा वर्ग ०.००२५. उत्तर साधारण ३६०. विल्सनने काटेकोर काढलं तर ३५० येतं: ३५० पैकी २४५ जिंकले की खालचं टोक नेमकं ६५ वर येऊन टेकतं. शंभर ट्रेडला, सत्तर जिंकूनही, ते ६० वरच असतं.

फरक निम्मा झाला की लागणारे ट्रेड चौपट होतात. फरक दहा टक्क्यांचा असेल तर नव्वदेक ट्रेड पुरतात, दोन टक्क्यांचा असेल तर सव्वादोन हजारांच्या वर जावं लागतं. "किती ट्रेड घेऊ?" याला एकच आकडा सांगणाऱ्या माणसाने तुमचा ब्रेकइव्हन विचारलेला नसतो. शिवाय खरा विन रेट ७० असला तरी ३५० ट्रेडमध्ये तो ७० च्या वर दिसेल की खाली, हे जवळजवळ निम्मं-निम्मं असतं. असलेली एज पाचपैकी चार वेळा तरी पकडीत यावी असं वाटत असेल, तर याच उदाहरणात सुमारे ७०० ट्रेड लागतात. हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्याने निदान लॉट तरी एकच ठेवावा.

तिसरी चूक सगळ्यात चिवट आहे, कारण ती करणाऱ्याला आपण मेहनती आहोत असंच वाटत असतं. ती म्हणजे ओळी मोजणं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाने हा सगळा विल्सन वगैरे व्यवस्थित केला होता. दोन महिन्यांच्या ट्रेडबुकात ६० ओळी, त्यातल्या ४८ नफ्याच्या. ८० टक्के. खालचं टोक ६८, ब्रेकइव्हन त्याचाही ६५ च्या आसपास. कागदावर सिद्ध झालं होतं, म्हणून लॉट एकावरून चारवर नेला, आणि पैसा होता खरिपाच्या बी-खताला ठेवलेला.

गफलत अशी होती की त्या ६० ओळी म्हणजे ६० ट्रेड नव्हते. ऑर्डर तुकड्यांत भरली गेली की ट्रेडबुकात एकाच ऑर्डरच्या दोन-तीन ओळी येतात. त्यावर तो निफ्टीचा कॉल घेतला की दोन मिनिटांत बँक निफ्टीचाही घ्यायचा, आणि भाव थोडा वर गेला की निफ्टीतच आणखी एक लॉट. बाजार वर गेला की तिन्ही लागायचे, खाली आला की तिन्ही जायचे. निर्णय एकच, नोंदी कधी दोन, कधी पाच. नफ्याच्या दिवशी तो लॉट वाढवत जात असल्याने नफ्याच्या ओळी आणखीच फुगल्या. निर्णय वेगळे करून मोजले तेव्हा निघाले २३, त्यातले लागलेले १७. टक्केवारी ७४, दिसायला वाईट नाही. पण पट्टा ५४ ते ८७, आणि ६५ पुन्हा त्याच्या पोटात. पुढे एका सकाळी बाजार उलटला तेव्हा चार लॉटांच्या तिन्ही पोझिशन एकदमच बुडाल्या. ओळी सुट्या धरल्या तर हा प्रकार विरळा वाटतो, निर्णय धरले तर चारातला एक.

मोजायची सवय अशी लावा: आधी ऑर्डर आयडीप्रमाणे ओळी एकत्र करा. मग एकाच दिवशी, एकाच दिशेने, एकाच कारणासाठी घेतलेलं सगळं एका ओळीत टाका आणि त्याची एकूण रक्कम लिहा. शंका आली तर दिवसाला एकच ट्रेड धरा. त्यानंतर सरासरी नफा, तोटा आणि ब्रेकइव्हन याच नव्या ओळींवरून पुन्हा काढा, कारण तुकडे जोडले की सरासरी नफा आणि तोटा दोन्ही बदलतात आणि रेघही सरकते.

"पहिले दहा तर शिकायचे होते, ते धरू नका" हे चालत नाही. तोट्याचे दिवस वगळून गिनती सुरू केली की पट्टा खोटा.

रोज रात्री शीट उघडून ज्या दिवशी खालचं टोक रेघ ओलांडेल त्या दिवशी "झालं सिद्ध" म्हणणंही चालत नाही. रोज पाहिलं तर नशिबाने कधी ना कधी ते ओलांडतंच. कितव्या ट्रेडला बघायचं ते आधी वहीत लिहा.

ग्रुपवर ज्याने स्क्रीनशॉट टाकला त्याच्या मागे लागू नका. वीस जणांनी प्रत्येकी वीस वेळा नाणं उडवलं, तर निदान एकाला तरी १४ किंवा जास्त वेळा छापा येण्याची शक्यता ७० टक्के आहे. स्क्रीनशॉट टाकतो तो तोच. एकट्याने वीस वेगवेगळे इंडिकेटर तपासून सगळ्यात बरा निवडला, तरी हाच हिशेब लागू होतो. त्या निवडलेल्यासाठी गिनती शून्यापासून, नव्या ट्रेडवर.

नियम बदलले की जुने ट्रेडही तसेच मिसळू नका. २० नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी उरली आणि बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी बंद झाली. त्या एक्स्पायरीवर कमावलेले दीडशे ट्रेड कितीही चांगले असले तरी तो खेळच आता नाही.

आणि ३५० पूर्ण झाले तरी विल्सन फक्त विन रेटबद्दल बोलतो. ६५ ची रेघ तुमच्या सरासरी तोट्यावर उभी आहे, आणि सरासरी तोटा हाही अंदाजच. दोन-तीन दिवस बाजार गॅपने उघडला, स्टॉपलॉस उडी मारून गेला आणि सरासरी तोटा १,५०० चा १,८०० झाला, तर ब्रेकइव्हन ६८.९ टक्क्यांवर जातो. मग ७० टक्के विन रेटने एज सिद्ध करायला सुमारे सात हजार ट्रेड लागतात. बाजार चालू असलेल्या दिवसाला एक धरला तर सुमारे अठ्ठावीस वर्षं. म्हणून दर पन्नास ट्रेडनंतर विन रेटच्या आधी सरासरी तोटा पुन्हा काढा, आणि तो वाढलेला दिसला तर लागणाऱ्या ट्रेडची संख्या नव्याने मांडा.