भुजंगप्रयात वृत्तात ओळ बसली की नाही, दोन मिनिटांत तपासा

चालीवर म्हणून बघितलं की ओळ बसल्यासारखीच वाटते, कारण आपण म्हणताना नकळत अक्षरं ओढतो आणि घोटाळा झाकला जातो. म्हणून कागदावर मोजायचं.

१. ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू. वर साचा लिहा: ल गा गा, असं चार वेळा. एकूण १२ अक्षरं.
२. खाली ओळीतलं एकेक अक्षर मांडा, जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर.
३. अ, इ, उ, ऋ असलेलं ल, बाकी सगळे स्वर गा. अनुस्वार स्पष्ट उच्चारला जात असेल किंवा पुढच्या जोडाक्षरामुळे अक्षरावर आघात येत असेल तर तेही गा.
४. साच्याशी पहिलं न जुळणारं अक्षर सापडलं की तिथेच थांबून शब्द बदला, कारण पुढचं सगळं परत मोजावं लागतंच.

उदाहरणार्थ "उभा एकटा मी जुन्या रस्त्यापाशी". अक्षरं बरोबर १२ भरतात, त्यामुळे नुसती संख्या मोजणारा खूश होईल, पण दहाव्या जागी ल हवा आणि तिथे "स्त्या" हा गा आलाय. "उभा एकटा मी जुन्या त्या पुलाशी" केलं की दहावा "पु", काम झालं.

फक्त जोडाक्षराआधीचं अक्षर डोळे झाकून गा धरू नका. "रस्त्या" म्हणताना र वर आघात येतो म्हणून तो गा, पण "जुन्या" मधल्या जु वर मराठीत आघात येत नाही, तो ल च राहतो. शंका असेल तर शब्द चाल न लावता, साधा बोलल्यासारखा मोठ्याने म्हणून बघायचा.