व्हिडिओ कॉलवर मागची भिंत: पावसाळ्यात या चुका टाळा

जुलैतली गोष्ट. फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात सकाळी अकराला कॉल सुरू झाला आणि पुण्याच्या सहकाऱ्याने विचारलं, "अहो, तुम्ही अंधारात का बसलाय?" माझ्या पाठीमागे भलीमोठी खिडकी होती, बाहेर हिरवीगार बाग. मला वाटलं होतं, याहून सुंदर पार्श्वभूमी कुठली!

चूक तीच. कॅमेरा चेहरा बघून नाही, पूर्ण चित्राचा उजेड बघून स्वतःला जुळवतो. मागे लख्ख खिडकी असली की तो चित्र गडद करतो आणि त्यात आपण काळे पडतो. मी टेबल फिरवलं. खिडकी आता समोर, जराशी डावीकडे. ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढायचा.

फिरवल्यावर मागे आली ती ओल धरलेली भिंत. चिऱ्याच्या घरात ओल जमिनीतून वर चढते, गिलाव्याला फुगे येतात. पावसाळ्यात त्यावर रंग मारायच्या भानगडीत पडू नका. ओल्या भिंतीवरचा रंग पापडासारखा सुटतो. ती नीट वाळल्यावरच हात लावा. तोवर कॅमेऱ्याची उंची सुधारा. लॅपटॉप टेबलावरच ठेवून स्क्रीन मागे कलंडवली की कॉलवर नाकपुड्या, पंखा आणि छताची कौलं दिसतात. मी खाली चार जाड पुस्तकं घातली आणि कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणून स्क्रीन सरळ उभी केली. पंखा गेला, छत गेलं आणि गुडघाभर उंचीची ओलही चौकटीबाहेर राहिली.

वरचा डाग मात्र उरलाच. तो झाकायला मी हौसेने बारीक चौकटींची कुणबी साडी टांगली. कॅमेऱ्यात त्या चौकटी सारख्या थरथरत होत्या. बारीक रेघा आणि चौकडे कॅमेऱ्याला झेपत नाहीत. शिवाय भिंतीला चिकटलेल्या कापडाला आठवड्यात कुबट वास आला. आता तिथे साधा एकरंगी पडदा आहे, दांडीवर, भिंतीपासून वीतभर सोडून. खुर्ची भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढली, त्यामुळे माझी सावली मागे पडत नाही.

मग कॉलच्या ॲपमधली तयार पार्श्वभूमी का नको? कारण मंद उजेडात ॲपला केस आणि भिंत वेगळी ओळखता येत नाही. कान गायब होतात, हात हलवला की बोटं विरघळतात. उजेड समोरून नीट असेल तर ती बरी चालते. माझ्या मते फक्त मागचं धूसर करणं पुरे, पण तेही हलणारी माणसं लपवत नाही.

आणि पावसाळ्यात घरात बांधलेली कपड्यांची दोरी! कॉल लावण्याआधी ॲपमधला स्वतःचा कॅमेरा उघडून चारही कोपरे बघा. एकदा माझ्या डोक्यामागे, अगदी मधोमध, सासऱ्यांचा बनियन वाळत होता.